विषयपत्रिका आणि वृत्तांत : संविधानसभेतील भाषाचर्चा

सभेपुढे कोणते विषय आले हे विषयपत्रिकेवरून कळते. त्यांपैकी कशाचा खरोखर विचार झाला, हे मात्र शब्दशः वृत्तांत वाचल्यावाचून सांगता येत नाही. १२ ते १४ सप्टेंबर १९४९ या तीन दिवसांची संविधानसभेतील भाषाचर्चा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

गोपालस्वामी अय्यंगार यांनी मांडलेल्या मसुद्याची चार प्रकरणे होती: संघाची भाषा, प्रादेशिक भाषा, न्यायालयांची भाषा आणि विशेष निदेश. शिवाय भाषांची एक अनुसूची होती. कागदावर हे सर्व विषय सारख्याच मानाचे दिसतात. वृत्तांत पाहू लागताच हा समतोल ढळतो. सभासदांचा फार मोठा वेळ पहिल्या प्रकरणाने आणि त्यातही अंकांच्या रूपाने घेतला. नागरी अंक असावेत की भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप, या वादापुढे (ज्या अंकांत या लेखातील सने छापली आहेत, त्यांचाच हा वाद!) प्रादेशिक भाषांचे प्रकरण फारच थोडक्यात उरकले.

येथे तुलना करणाऱ्याने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. उपसूचना तीनशेंच्या घरात होत्या, आणि त्या एकेक न वाचता मांडल्या गेल्याचे धरून वृत्तांतात छापल्या आहेत. म्हणून एखाद्या विषयाने वृत्तांताची किती पाने व्यापली यावरून त्याची किती चर्चा झाली हे ठरवू नये. उपसूचनेच्या बाजूने कोणी बोलले काय, त्या बोलण्याची दखल पुढील वक्त्याने घेतली काय, आणि मतदानापूर्वी कारण दिले गेले काय, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींचे उत्तर नकारार्थी आले, तर तो विषय संमत झालेला असला तरी चर्चिला गेला असे म्हणता येणार नाही.

अनुसूचीचेच उदाहरण घेऊ. मूळ यादीत १३ भाषा होत्या. संस्कृतची भर पडून त्या १४ झाल्या. जयपाल सिंग यांनी मुंडारी, गोंडी व उराँव या भाषांचा समावेश व्हावा अशी मागणी सभागृहात केली. म्हणजे हा विषय वगळला गेला नाही, त्याला स्पर्श झाला. परंतु त्या भाषा यादीत आल्या नाहीत. पुढे २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी आली. मुंडारी व गोंडी आजही अनुसूचीबाहेर आहेत.

याच्या उलट प्रकार १४ सप्टेंबरच्या तडजोडीचा. पंधरा वर्षांनंतर नागरी अंकांच्या वापराची तरतूद संसदेला कायद्याने करता यावी, हा मार्ग सभागृहाबाहेरील वाटाघाटींतून निघाला. वृत्तांतात त्याचा निष्कर्ष तेवढा सापडतो. तो कसा घडला हे शोधावयाचे तर सभासदांच्या पत्रव्यवहाराकडेच वळावे लागते.