निजाम गेला, सर्किट राहिलं

मी मूळचा नांदेडचा. सिनेमाच्या धंद्यात नांदेड आजही निजामाच्या ताब्यात आहे. हे विनोदाने म्हणत नाहीये. हिंदी सिनेमाचे वितरक भारताचा जो नकाशा वापरतात, त्यात महाराष्ट्र नावाचा प्रदेशच नाही. मुंबई, गोवा आणि गुजरात ‘बॉम्बे’ सर्किटमध्ये येतात, विदर्भ ‘सीपी-बेरार’मध्ये आणि मराठवाडा तेलंगणासोबत ‘निजाम’मध्ये. मराठवाडा 1948 साली मुक्त झाला, 1960 साली महाराष्ट्रात आला. पण वितरकांच्या वह्यांमध्ये तो हैदराबादलाच राहिला.

यामागचं कारण साधं आहे. हैदराबाद संस्थानाचं चलन वेगळं होतं, जकात वेगळी होती, रेल्वेही स्वतःची होती. मुंबईच्या निर्मात्याला तिथे स्वतः धंदा करणं जड जायचं. त्यापेक्षा तिथल्या माणसाला हक्क विकून मोकळं होणं बरं. त्या माणसाची थिएटरवाल्यांशी ओळख, उधारी, हिशेब हे सगळं एकदा बसलं की राज्यांच्या सीमा बदलल्या म्हणून कोणी ते मोडत नाही. आमच्याकडे ऑफिसात वीस वर्षं जुना कोड का बदलत नाहीत, तसंच हे. चालतंय ना, मग हात लावू नका.

आता हाच नकाशा जगभर पसरवा. आपण म्हणतो, ‘सिनेमा विकला’. प्रत्यक्षात सिनेमा कधीच अख्खा विकला जात नाही. विकला जातो एक तुकडा: कुठल्या प्रदेशात, कुठल्या भाषेत, कुठल्या माध्यमावर आणि किती वर्षांसाठी दाखवायचा याचा हक्क. आणि या प्रदेशांच्या सीमा देशांच्या सीमांशी जुळतीलच असं नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रिया बहुतेकदा एकत्र विकले जातात, कारण भाषा एक. स्वित्झर्लंडचे हक्क भाषेनुसार फुटू शकतात. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका यांचा मिळून ‘भारतीय उपखंड’ असा एक गठ्ठा असतो. राजकारणात जे जमलं नाही ते करारात जमतं. विमानात दाखवायचे हक्कसुद्धा वेगळे काढता येतात.

असे तुकडे पाडण्यामागे पैसा आहे. प्रत्येक प्रदेशाचा वितरक निर्मात्याला आधी एक ठरलेली रक्कम देतो. आपल्याकडे तिला एमजी म्हणतात, म्हणजे मिनिमम गॅरंटी. समजा एमजी एक कोटी आहे. सिनेमा पडला तरी ते कोटी परत मिळत नाहीत. चालला, तर वितरक आधी आपली एमजी आणि जाहिरातीचा खर्च वसूल करतो आणि त्यावरची कमाई, म्हणजे ‘ओव्हरफ्लो’, ठरलेल्या प्रमाणात वाटली जाते. निर्मात्याला पैसे लवकर मिळतात, जोखीम वितरकाच्या गळ्यात जाते. आणि ज्याच्या गळ्यात जोखीम, तारीखही मुख्यतः तोच ठरवणार. सिनेमा उशिरा येण्याचं मूळ बरेचदा इथेच असतं.

बोंग जून-होच्या ‘पॅरासाइट’चं उदाहरण घ्या. अमेरिकेचे हक्क ‘निऑन’ या कंपनीने ऑक्टोबर 2018 मध्येच घेतले होते, म्हणजे सिनेमा कुणी पाहण्याच्या आधी. मे 2019 मध्ये कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. 30 मे रोजी तो कोरियात लागला आणि 5 जूनला फ्रान्समध्ये. फ्रेंच वितरकाला घाई करणं परवडणारं होतं. कान त्यांच्याच देशात, वर्तमानपत्रं दोन आठवडे त्याच बातम्यांनी भरलेली. फुकटची जाहिरात गरम असतानाच त्यांनी वापरली.

जर्मनीत तो लागला 17 ऑक्टोबरला. तिथे परदेशी सिनेमा डब करायची जुनी सवय आहे. पण डबिंगला काही आठवडे लागतात, साडेचार महिने नाही. अमेरिकेत 11 ऑक्टोबरला, तोही फक्त तीन थिएटरांत. निऑनकडे सबटायटलवाला कोरियन सिनेमा होता आणि प्रेक्षक अशा सिनेमाला सहज येत नाहीत हे त्यांना माहीत होतं. म्हणून आधी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस, तोंडी चर्चा होऊ द्यायची, मग हळूहळू थिएटरं वाढवायची. ऑक्टोबर यासाठी की तिथून ऑस्करचा हंगाम सुरू होतो.

ब्रिटनच्या वितरकाने तर सर्वांत जास्त धीर धरला. ‘कर्झन’ने सिनेमा लावला 7 फेब्रुवारी 2020 ला, कोरियानंतर आठ महिन्यांनी आणि ऑस्कर सोहळ्याच्या दोन दिवस आधी. तोवर तिथल्या सिनेमावेड्या पोरांचा संताप झाला असणार, कारण मीही इथे तसाच चिडलो होतो. पण 9 तारखेला ‘पॅरासाइट’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर घेतली, आणि पुढे ब्रिटनमधला सर्वाधिक कमाईचा परभाषिक सिनेमा तोच ठरला. वितरकाच्या वहीत तो उशीर नव्हताच.

भारतात तो आला 31 जानेवारी 2020 ला. ‘इम्पॅक्ट फिल्म्स’ हा इथला वितरक. ऑस्करची नामांकनं 13 जानेवारीला जाहीर झाली होती, सहा. त्याआधी पुण्याच्या मल्टिप्लेक्सवाल्याला कोरियन सिनेमासाठी स्क्रीन मागून बघा, शुक्रवारी मोठा हिंदी सिनेमा लागत असताना! छोट्या वितरकाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र, सबटायटल, जाहिरात हा खर्च चार शहरांतल्या मोजक्या खेळांतून काढायचा असतो. नामांकनं ही त्याच्या हातातली एकमेव जाहिरात.

आता खरी मेख. अमेरिकेत 14 जानेवारीलाच हा सिनेमा डिजिटल स्वरूपात घरी पाहायला मिळू लागला होता. म्हणजे भारतात थिएटरात लागायच्या अडीच आठवडे आधी त्याची स्वच्छ प्रत जगात फिरायला मोकळी. माझ्या ओळखीतल्या निम्म्यांनी तो लॅपटॉपवर पाहिला, तो या फटीतून. एका प्रदेशाच्या करारात ‘थिएटरनंतर इतके दिवस घरगुती माध्यम नाही’ अशी अट असते, तिला होल्डबॅक म्हणतात. पण ती अट सहसा त्या प्रदेशापुरतीच असते. अमेरिकेचं घड्याळ संपलं की भारताचं चालू झालंय की नाही हे कोणी बघत नाही.

ही फट बुजवायचा एक प्रयत्न आमच्या जमातीच्या लोकांनी केला होता. डीव्हीडी आली तेव्हा स्टुडिओंनी जगाचे भाग पाडून त्यांना क्रमांक दिले. अमेरिका 1, युरोप आणि जपान 2, भारत 5, चीन 6. विमानं-जहाजांसाठी 8 हा वेगळा. डिस्कवर एक बाइट असतो, त्यातला एकेक बिट एकेका भागाचा. प्लेअर आपल्या भागाचा बिट तपासतो आणि जुळला नाही तर डिस्क वाजत नाही. वितरकांचा नकाशा आठ बिटांत! तो टिकला नाही, कारण बाजारात सगळ्या भागांच्या डिस्क चालवणारे प्लेअर लवकरच आले. आज तेच काम स्ट्रीमिंगचा सर्व्हर तुमचा आयपी पत्ता पाहून करतो. ‘हा सिनेमा तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असं जेव्हा दिसतं, तेव्हा तंत्र बिघडलेलं नसतं. बहुतेकदा तुमच्या तुकड्याचे हक्क दुसऱ्या कुणाकडे असतात, किंवा ते कुणी विकतच घेतलेले नसतात.

हॉलिवूडच्या बड्या सिनेमांना हे फारसं भोगावं लागत नाही. डिस्ने किंवा वॉर्नरची बऱ्याच देशांत स्वतःची कचेरी असते, तुकडे विकावेच लागत नाहीत, त्यामुळे एकाच आठवड्यात जगभर सिनेमा लावता येतो. उशीर येतो तो बोंग जून-होसारख्यांच्या वाट्याला.