इव्हेंट मॅनेजरच्या अर्जात एक मोठा कार्यक्रम कसा मांडावा?

इव्हेंट मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज करताना बहुतेक ठिकाणी एक प्रश्न असतोच : तुम्ही सांभाळलेला एक मोठा कार्यक्रम, त्याचं बजेट, व्हेंडर आणि ऐनवेळची अडचण सांगा. आपल्या पुसद, दिग्रस, उमरखेडच्या मुलांकडे सामूहिक निकाहचा अनुभव असतो, पण ते तो लिहीत नाहीत. का, तर म्हणे ती खिदमत होती, नोकरी नव्हती. आमच्या मते तो अनुभवच आहे, फक्त "स्वयंसेवक म्हणून" असं स्पष्ट लिहावं.

समजा, मे महिन्यात २१ जोडप्यांचे निकाह, ४ हजार पाहुणे, एकूण बजेट १२ लाख. इथे पहिली चूक होते. पूर्ण १२ लाख आपल्या नावावर लिहिले जातात आणि मुलाखतीत "मंडपवाल्याला ॲडव्हान्स किती दिला?" विचारलं की गाडी अडते. तुमच्या हातात जेवण आणि पाणी होतं, तर तेवढंच लिहा : जेवण ६ लाख (ताटामागे १५० रुपये), पाणी व सफाई ४० हजार. कमिटीने आकस्मिक खर्चासाठी ६० हजार वेगळे ठेवले होते, हेही लिहा, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे.

व्हेंडरबद्दल नावांची यादी नको. बावर्ची कसा निवडला, किती कोटेशन घेतले, ॲडव्हान्स किती आणि बाकी रक्कम कधी, हे दोन वाक्यांत येतं.

अडचणीला मात्र जागा द्या. वेळ आणि पैसा दोन्ही दिसले पाहिजेत. उदाहरणार्थ :

"सकाळी ९ वाजता १० हजार लिटरचा टँकर बंद पडल्याचं कळलं. जेवण जोहरनंतर होतं. मी कमिटीच्या खजिनदारांची परवानगी घेऊन दुसऱ्या पुरवठादाराकडून ५ हजार लिटरचे दोन टँकर ७ हजारांत आणि पिण्याचे १५० जार साडेचार हजारांत मागवले. जेवण ३५ मिनिटं उशिरा सुरू झालं. जादा खर्च ११,५०० रुपये, तो आकस्मिक निधीतून."

उशीर लपवू नका. "सगळं व्यवस्थित पार पडलं" यावर कुणी विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या पुरवठादाराचा नंबर आधीपासून का होता, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येईल, त्याचं उत्तर तयार ठेवा.

अडचण पाण्याचीच असते असं नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२व्या मराठी साहित्य संमेलनात उद्घाटनाला आठवडाही उरला नसताना नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, मोठा वाद झाला, आणि शेवटी उद्घाटन जिल्ह्यातल्याच शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांच्या हस्ते झालं. अशा कार्यक्रमात तुम्ही नुसतं पासवाटप केलं असेल, तर वादाची कहाणी आपली म्हणून सांगू नका. पाहुणे बदलल्यावर पास, बैठक यात तुम्हाला काय बदलावं लागलं, एवढंच लिहा.