अल्गोरिदम 'निष्पक्ष' आहे म्हणजे नेमकं काय? एका वादात दोन्ही बाजूंचे आकडे बरोबर कसे निघाले?

अमेरिकेत एखाद्याला अटक झाली की खटला चालेपर्यंत त्याला बाहेर सोडायचं की कोठडीत ठेवायचं, हे न्यायाधीशाला ठरवावं लागतं. फ्लोरिडा राज्यातल्या ब्रोवर्ड काउंटीत हा निर्णय घेताना न्यायाधीशांसमोर १ ते १० मधला एक आकडाही असायचा. हा माणूस पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता किती, हे तो आकडा सांगायचा. नॉर्थपॉइंट या कंपनीचं 'कॉम्पास' नावाचं सॉफ्टवेअर तो काढत असे. त्याच्या प्रश्नावलीत वंश विचारलेला नव्हता.

मे २०१६ मध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने या आकड्यांची तपासणी प्रसिद्ध केली आणि मोठा वाद उभा राहिला.

आरोप काय होता?

प्रोपब्लिकाने २०१३ आणि २०१४ मध्ये अटक झालेल्या ७ हजारांहून अधिक लोकांचे कॉम्पास गुण मिळवले. पुढच्या दोन वर्षांत त्यांच्यापैकी कोणावर नवा गुन्हा नोंदवला गेला, हे पाहिलं. ५ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे 'धोक्याचा' शिक्का, असं धरून हिशेब केला.

ज्यांनी दोन वर्षांत काहीच केलं नाही, त्यांच्यातल्या किती जणांवर हा शिक्का नाहक बसला होता? कृष्णवर्णीयांमध्ये ४४.९ टक्के, तर श्वेतवर्णीयांमध्ये २३.५ टक्के. म्हणजे पुन्हा वाट न चुकलेल्या कृष्णवर्णीय माणसावर ठपका बसण्याची शक्यता जवळपास दुप्पट होती. प्रोपब्लिकाचा निष्कर्ष होता की हे सॉफ्टवेअर कृष्णवर्णीयांविरुद्ध पक्षपाती आहे.

कंपनीचं उत्तर काय होतं?

नॉर्थपॉइंटने प्रश्नच वेगळा मांडला. न्यायाधीशाला माणूस पुढे काय करणार हे माहीत नसतं, त्याच्यासमोर फक्त शिक्का असतो. मग विचारायला हवं ते असं: शिक्का बसलेल्यांपैकी किती जणांनी खरोखर पुन्हा गुन्हा केला? याचं उत्तर कृष्णवर्णीयांमध्ये सुमारे ६३ टक्के आणि श्वेतवर्णीयांमध्ये सुमारे ५९ टक्के होतं. शिक्क्याचा अर्थ दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे, म्हणून सॉफ्टवेअर निष्पक्ष आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं.

गंमत अशी की दोन्ही बाजूंनी एकच माहिती वापरली होती आणि दोघांची बेरीज-वजाबाकीही बरोबर होती. फरक होता तो 'निष्पक्ष' या शब्दाच्या व्याख्येत. पहिल्या व्याख्येत नाहक शिक्का बसण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखं हवं. दुसरीत शिक्क्याचा भरवसा सारखा हवा.

मग दोन्ही एकदम का साधत नाहीत?

समजा, 'अ' आणि 'ब' असे दोन गट आहेत आणि प्रत्येकात १,००० माणसं आहेत. 'अ' गटातले ५०० जण पुढे पुन्हा पकडले जातात, 'ब' गटातले २००. हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले आहेत.

आता सॉफ्टवेअर दोन्ही गटांना अगदी सारखं वागवतं असं धरू. ते दोन्हीकडे पुन्हा पकडल्या जाणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांना आधीच ओळखतं. आणि दोन्हीकडे त्याच्या शिक्क्याचा भरवसा ६० टक्केच आहे, म्हणजे शिक्का बसलेल्या दर १०० जणांत ६० जणांबाबत ते बरोबर ठरतं.

'अ' गटात ५०० पैकी ३०० जण ओळखले गेले. भरवसा ६० टक्के असल्याने एकूण शिक्के ५०० झाले, म्हणजे २०० नाहक. पुन्हा न पकडले जाणारे लोक ५००. त्यांतल्या २०० जणांवर शिक्का, म्हणजे ४० टक्के.

'ब' गटात २०० पैकी १२० जण ओळखले गेले. एकूण शिक्के २००, त्यांतले ८० नाहक. पण इथे पुन्हा न पकडले जाणारे लोक ८०० आहेत. त्यांतले ८० म्हणजे फक्त १० टक्के.

सॉफ्टवेअर दोन्हीकडे सारखंच अचूक असूनही नाहक शिक्क्याचं प्रमाण एकीकडे ४० टक्के आणि दुसरीकडे १० टक्के आलं. कोणी मुद्दाम काही केलेलं नाही. 'अ' गटात पुन्हा पकडले जाणारे जास्त, म्हणून शिक्के जास्त आणि चुकीचे शिक्केही जास्त. शिवाय ज्यांच्यावर ते चुकून बसू शकतात असे लोक त्या गटात कमी. त्यामुळे टक्केवारी दोन्ही बाजूंनी वर जाते.

'अ' गटासाठी मर्यादा वाढवली तर?

समजा, 'अ' गटात शिक्का बसण्यासाठी जास्त गुण लागतील असं ठरवलं. आता २०० जणांवरच शिक्का बसतो, १५० बरोबर आणि ५० नाहक. नाहक शिक्क्याचं प्रमाण १० टक्क्यांवर आलं, 'ब' इतकंच. पण शिक्क्याचा भरवसा 'अ' गटात ७५ टक्के आणि 'ब' गटात ६० टक्के झाला. 'अ' गटातले पुन्हा पकडले जाणारे ३५० जण नजरेतून सुटले. आणि एकसारखे गुण असलेल्या दोघांपैकी एकावर केवळ त्याच्या गटामुळे शिक्का बसला. एक विषमता मिटवली तर दुसरी उभी राहिली.

हे फक्त याच आकड्यांपुरतं नाही. २०१६ मध्येच अलेक्झांड्रा चोल्डेचोवा यांनी, आणि वेगळ्या मांडणीतून जॉन क्लाइनबर्ग, सेंधिल मुल्लैनाथन व मनीष राघवन यांनी हे गणिताने सिद्ध केलं. दोन गटांतलं मूळ प्रमाण वेगळं असेल आणि अंदाज शंभर टक्के अचूक नसेल, तर शिक्क्याचा भरवसा, नाहक शिक्क्यांचं प्रमाण आणि नजरेतून सुटणाऱ्यांचं प्रमाण या तिन्ही गोष्टी दोन्ही गटांत एकाच वेळी सारख्या असू शकत नाहीत. ब्रोवर्डच्या माहितीत मूळ प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये सुमारे ५१ टक्के आणि श्वेतवर्णीयांमध्ये सुमारे ३९ टक्के होतं. त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर आणलं असतं, तरी कोणत्या तरी एका व्याख्येत ते नापास झालंच असतं.

म्हणजे कॉम्पासची काहीच चूक नाही?

असंही नाही. हे 'मूळ प्रमाण' गुन्ह्यांचं नसून पोलिसांत झालेल्या नोंदींचं आहे. ज्या वस्तीत गस्त जास्त, तिथे तोच गुन्हा केलेला माणूस पकडला जाण्याची शक्यता जास्त. अशा वेळी शिक्क्याचा भरवसा दोन्ही गटांत सारखा दिसला, तरी तो एका कललेल्या तराजूवरच मोजलेला असतो. गणिताचा सिद्धांत दिलेले आकडे खरे धरून चालतो. ते कसे गोळा झाले, हे तो तपासत नाही.

कोणती व्याख्या निवडायची, हेही गणित सांगत नाही. नाहक शिक्क्याची किंमत कोठडीत बसणारा माणूस मोजतो, नजरेतून सुटलेल्याची किंमत पुढच्या गुन्ह्याचा बळी मोजतो. त्यामुळे एखादी कंपनी किंवा सरकारी खातं 'आमचा अल्गोरिदम निष्पक्ष असल्याचं तपासलं आहे' असं म्हणतं, तेव्हा दोन गोष्टी विचाराव्या लागतात. कोणत्या व्याख्येने तपासलं? आणि ज्या व्याख्या सोडून दिल्या, त्यांनी मोजलं तर कोणत्या गटाचे आकडे काय येतात?