नावापुढचा राव



नारायणगडाला आपण धाकटी पंढरी म्हणतो. गडावर एक वारकरी दुसऱ्याला भेटला की ‘माऊली’ म्हणून पाया पडतो. नाव विचारण्याचे त्याला कारण पडत नाही. तोच माणूस गड उतरून कचेरीत गेला, की पहिला प्रश्न होतो, ‘पूर्ण नाव सांगा’. आज मला बोलावयाचे आहे ते त्या पूर्ण नावात शिरणाऱ्या ‘राव’ या दोन अक्षरांविषयी. मी शाळेत फार शिकलो नाही. जे कळले ते कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता.

‘राव’ हा ‘राजा’ शब्दाचाच झिजलेला वंशज. ‘साहेब’ अरबीतून फारसीच्या वाटेने आला. मूळ अर्थ सोबती, मग धनी. दोघांच्या जागा मात्र आपल्या लोकांनी पक्क्या ठरविल्या. राव चिकटतो तो माणसाच्या नावाला, आडनावाला नव्हे. यशवंतराव म्हणावे, चव्हाणसाहेब म्हणावे. ‘चव्हाणराव’ कोणी म्हणत नाही. ताई हीदेखील नावामागे येते, मालतीताई. बाईंचे तसे नाही. शाळेतल्या जोशीबाईंचे पहिले नाव कित्येक मुलांना ठाऊकच नसते. आणि राव लागला की क्रियापदही उठून उभे राहते. शंकर आला, पण शंकरराव आले.

दुसरा नियम असा की राव दुसऱ्याने द्यावयाचा असतो. आपण होऊन ‘मी शंकरराव’ म्हणणाऱ्याकडे गाव हसून पाहते. परंतु बारशातच ज्याला भीमराव नाव मिळाले, त्याचा राव नावाचाच भाग झाला. तो सोडून सही करणे चूक ठरेल. बापाच्या नावाचेही तसेच. मुलगा आदराने ‘बापूराव’ सांगतो आणि कारकून ते पूर्ण नाव म्हणून उतरवून घेतो. एकाच रावाची ही दोन रूपे, आदराचा राव आणि नावातला राव, कागदावर सारखीच दिसतात. घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

सरकारनेही आपला एक राव काढला होता. तो नावामागे नसून पुढे असे, रावसाहेब आणि त्याहून वरचा रावबहादूर. गिरणी कामगारांचे आद्य पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. पुढे त्याच सरकारने त्यांना रावबहादूर केले. त्यांच्या स्वतःच्या नावात मात्र ना राव, ना बापाच्या नावाला राव. १९५० साली राज्यघटनेने सरकारी किताब बंद केले. जनतेचा राव घटनेच्या कक्षेत येत नव्हता, म्हणून तो राहिला.

आपल्या बीडकडे आणखी एक गाठ आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. दफ्तर उर्दूत, आणि नाव ‘शंकर वल्द बापू’ अशा थाटाचे. उर्दू लिपीत राव वेगळा शब्द म्हणून लिहिला जाई. तो मराठीत उतरविताना कोणी जोडला, कोणी सोडला.

एक प्रकरण सांगतो. नाव बदलले आहे. कारखान्यात तीस वर्षे काम केलेला एक गडी निवृत्त झाला. शाळेच्या दाखल्यावर ‘शंकर बापू’. कारखान्याच्या हजेरीपटावर ‘शंकरराव बापूराव’, कारण भरतीच्या वेळचा टाइमकीपर भला माणूस होता, सर्वांना राव लावी. भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज परत आला: नाव जुळत नाही. शंकर माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘भाऊ, त्यांनी मला मान दिला अन् त्या मानानंच पैसा अडकला.’

आम्ही प्रथम कोणती नोंद जुनी आहे हे पाहिले. शाळेचा दाखला सर्वांत जुना, आणि आधार व बँक त्याच्याशी जुळत होती. म्हणून बदलावयाचे ते कारखान्याचे नाव. कामगार आणि मालक दोघांच्या सह्यांचे संयुक्त घोषणापत्र केले, जोडीला ‘दोन्ही नावे एकाच इसमाची’ असे प्रतिज्ञापत्र. उलट केले असते, म्हणजे रावाच्या मोहाने दाखला बदलावयास गेलो असतो, तर आधार, बँक, सातबारा सगळेच हलवावे लागले असते. मधल्या काळात घोषणापत्र एकदा परतही आले, कारण बापाचा राव काढावयाचे आम्हीच विसरलो होतो!

बायकांची गोष्ट निराळी. ऊसतोडीच्या टोळीत नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मुकादमाच्या उचलीच्या वहीत नवऱ्याचे नाव असते. पुष्कळदा बाईचे नसतेच. सभेत तिला ताई म्हणतात, पण वहीतल्या कोऱ्या जागेला ताई कशी लावणार? मी टोळीची यादी करतो तेव्हा आधी तिचे नाव विचारतो. पहिल्यांदा ती नवऱ्याकडे पाहते. मग सांगते, आणि मी लिहितो: तिचे नाव, तिने सांगितले तसे, नवऱ्याचे नाव, आडनाव. ताई तोंडी म्हणतो. कागदावर लिहीत नाही.