बियाण्याच्या गोण्या आणि प्राड्विवाक

आज आम्ही एका दाव्याची गोष्ट सांगणार आहोत. वादी, प्रतिवादी आणि गोण्या आमच्या कल्पनेतल्या आहेत. पण ज्या कायद्याने त्यांचा निवाडा झाला तो खरा आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळी (१०७६ ते ११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. ती कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातले बसवकल्याण. आमचा दावा तिथेच उभा आहे.

एका व्यापाऱ्याने दुसऱ्याकडून जोंधळ्याच्या बियाण्याच्या वीस गोण्या चाळीस गद्याणांना घेतल्या. गद्याण म्हणजे त्या वेळचे सोन्याचे नाणे. आठव्या दिवशी त्याने निरनिराळ्या गोण्यांतले शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले होते ते सोडून पाहिले, तो तीसच मोडावलेले! पेरणी तोंडावर आलेली. विकणारा माल परत घेईना, तेव्हा हा धर्मसभेत गेला.

आता आठव्या दिवशी तक्रार चालते काय? याज्ञवल्क्याने मालाच्या परीक्षेला मुदती घालून दिल्या आहेत. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात आणि बियाण्याला दहा. या मुदती मनाला येतील तशा ठरविलेल्या नाहीत. लोखंड तापवून ठोकले की त्याच दिवशी कळते. गाईचे दूध दोनतीन वेळा काढल्याशिवाय कळत नाही. आणि बी रुजायला दिवस लागतात. दोष उघडा पडायला जेवढा वेळ लागतो तेवढी मुदत. तेव्हा वादी मुदतीत होता.

न्यायाधीशाला त्या वेळी प्राड्विवाक म्हणत. म्हणजे जो प्रश्न विचारतो आणि मग विवेक करतो तो. त्याने वादीचे म्हणणे लिहून घेतले आणि प्रतिवादीला उत्तर विचारले. प्रतिवादी म्हणाला, "विक्री कबूल. पण यांनी माल डोळ्यांनी पारखून घेतला आणि परत करणार नाही असे ठरवून घेतला." हे उत्तर साध्या नकाराचे नव्हते. 'विकलेच नाही' असे तो म्हणता, तर विक्री शाबीत करण्याचा बोजा वादीवर पडला असता. परंतु मूळ गोष्ट मान्य करून तिच्यातून सुटण्याचे कारण जो सांगतो, त्यानेच ते कारण शाबीत करावे, असा नियम आहे. बोजा प्रतिवादीवर आला.

लेख झालेला नव्हता. साक्षीदार आले आणि त्यांनी सांगितले की, गोणी सोडली, वादीने ओंजळभर दाणे हातावर घेऊन पाहिले आणि चांगले आहेत म्हणाला. प्रतिवादीला वाटले, जिंकले. प्राड्विवाकाने एकच विचारले, "दाणे कोठून घेतले?" "गोणीच्या तोंडाशी." त्याने वीसही गोण्या सभेत आणवून तळाकडून फाडविल्या. प्रत्येकीच्या तोंडाशी हातभर नवे टपोरे दाणे, खाली सगळे किडलेले जुने बी. एखाद्या गोणीत असे झाले तर चूक म्हणता येते. वीसही गोण्यांत होते तेव्हा तो हातचलाखीचा कारखाना असतो. पारखले ते एक आणि दिले ते दुसरे. मग पारखण्याचा करार कोणत्या मालाला लागू व्हायचा? प्रतिवादीचे साक्षीदारच त्याच्या अंगावर उलटले.

नारदाने असल्या विक्रीला दंड सांगितला आहे. निर्दोष माल दाखवून सदोष माल देणाऱ्याने घेणाऱ्याला दुप्पट किंमत द्यावी आणि तेवढाच दंड राजाला भरावा. म्हणजे ऐंशी आणि ऐंशी, एकशे साठ गद्याण.

निवाडा चोख झाला. आम्हीही टाळी वाजवू. पण एक गोष्ट विचारून. गोण्या भरल्या कोणी? शेटजींनी नव्हे, त्यांच्या दासाने. खाली काय गेले आणि वर काय आले हे सगळ्यांत चांगले त्यालाच ठाऊक. मग प्राड्विवाकाने त्याला का बोलावले नाही? कारण एरवीच्या व्यवहारात दासाची साक्ष ग्राह्य नव्हती. स्मृतिकारांनी त्याला साक्षीला अपात्र ठरविलेल्यांत बसविले होते. म्हणून गोण्यांना बोलते करावे लागले.

आणि मघाशी सांगितलेली मुदतींची यादी आम्ही मुद्दामच अर्धी सांगितली. लोखंड, गाय, बैल, रत्न, बी यांच्याच ओळीत पुढे आणखी दोन माल आहेत. विकत घेतलेला दास, त्याला अर्धा महिना. आणि दासी, तिला एक महिना. एवढ्या दिवसांत दोष आढळला तर परत करावे.

ज्या कायद्याने विकत घेणाऱ्याला फसवणुकीपासून इतक्या बारकाईने वाचविले, त्याच कायद्यात गोणी भरणारा हात गोणीसारखाच विकाऊ होता. प्राड्विवाक हुशार होता, प्रामाणिक होता. त्याने वीस गोण्या फाडून पाहिल्या. परंतु ती यादी फाडण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि तसा अर्जही त्याच्यापुढे कोणी केला नव्हता. कारण ज्याने करावयाचा त्याला सभेत तोंडच नव्हते.