एकाचा अनंत घात (1^∞)

पाया 1 कडे आणि घातांक अनंताकडे जात असताना मिळणारे सीमेचे अनिर्धार्य रूप. नेमक्या 1 चा कोणताही घात 1 च असतो. पण इथे पाया 1 च्या फक्त जवळ असतो आणि तो किंचित फरक प्रचंड घातांकामुळे साचत जातो. म्हणून उत्तर थेट 1 लिहिणे ही या प्रकारातली नेहमीची चूक आहे.

उदाहरणार्थ, x → 0 असताना (cos x)^(1/x²) ची सीमा काढू. पाया धन असल्याने ही राशी e^(ln(cos x)/x²) अशी लिहिता येते. आता फक्त घातांकाची सीमा हवी. तो 0/0 रूपात आहे. लोपितालच्या नियमाने अंश व छेदाचे विकलन केल्यास −tan x/(2x) मिळते आणि त्याची सीमा −1/2 येते. घातांकी फलन संतत असल्याने मूळ सीमा e^(−1/2), म्हणजे सुमारे 0.6065. x = 0.1 (रेडियन) घेतल्यास किंमत 0.6060 येते, त्यामुळे पडताळाही होतो.

पुष्कळ विद्यार्थी −1/2 वरच थांबतात. ती लॉगरिदमची सीमा आहे, मूळ राशीची नव्हे.

पाया f मानला, तर घातांकात ln f ऐवजी f − 1 घेण्याची सोपी रीतही आहे; पण ती पाया 1 कडे जात असेल तरच वापरावी.