वेळ लिहिलेल्या प्रतिक्रियांवरून व्हिडिओतील नेमकी जागा कशी शोधावी?

यूट्यूबवरील प्रतिक्रियेत 6:42 अशी वेळ लिहिली की ती निळ्या अक्षरांत दिसते आणि तिच्यावर बोट ठेवताच व्हिडिओ त्या क्षणापाशी जातो. अशा वेळा एकत्र मांडल्या, तर व्हिडिओचा कोणता भाग आवडला आणि कोणता कळला नाही, हे समजते.

जालना जिल्हा मोसंबीसाठी ओळखला जातो. तिथल्या शेतकऱ्यांसाठी आंबिया बहाराच्या ताणावर 14 मिनिटांचा व्हिडिओ केला आहे, असे समजू. बहार धरण्यासाठी बागेचे पाणी काही काळ तोडतात, त्याला ताण देणे म्हणतात. भारी जमिनीला लागणारा ताण हलक्या जमिनीत दिला, तर झाडे वाळू शकतात. म्हणून इथे गैरसमज महागात पडतो.

समजा, 26 प्रतिक्रियांत वेळ आहे. आधी त्या वाचून निरुपयोगी वगळाव्यात. दोघांनी संपूर्ण व्हिडिओची अनुक्रमणिका लिहिली आहे. एकाने ‘सकाळी 6:30 ला पाणी सोडतो’ असे म्हटले आहे. ती घड्याळातली वेळ आहे. उरलेल्या 23 प्रतिक्रियांतील वेळा चढत्या क्रमाने वहीत लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे ‘प्रश्न’ किंवा ‘कौतुक’ अशी नोंद करावी.

आता दोन ठिकाणी गर्दी दिसते. 6:42 ते 6:55 मध्ये सात नोंदी आहेत आणि त्यांतल्या सहा जणांनी ‘माझ्या जमिनीला किती दिवस?’ असेच विचारले आहे. 10:05 ते 10:20 मध्ये पाच नोंदी असून सगळ्या कौतुकाच्या आहेत. तिथे ताण बसल्याची खूण म्हणून पिवळी पडून गळणारी पाने जवळून दाखवली आहेत. बाकीच्या 11 विखुरलेल्या आहेत.

प्रेक्षक वाक्य ऐकून झाल्यावर व्हिडिओ थांबवतो आणि मग वेळ लिहितो. त्यामुळे मूळ जागा बहुधा थोडी आधी असते. 6:42 च्या वीसेक सेकंद मागे गेल्यावर अडचण सापडते: ‘हलक्या जमिनीत कमी, भारीत जास्त’ एवढेच बोलून निवेदक पुढे गेला आहे. जमीन कशी ओळखायची, हे सांगितलेलेच नाही.

यूट्यूबचा पुन्हा पाहिलेल्या भागांचा आलेख दोन्ही जागी उंच दिसू शकतो, पण त्याचे कारण तो सांगत नाही. ते प्रतिक्रियांतून कळते. मात्र शेवटच्या भागापर्यंत कमी प्रेक्षक पोहोचतात, म्हणून तिथली शांतता म्हणजे सगळे कळले, असे नव्हे.

दुरुस्ती करताना व्हिडिओचा सुरुवातीचा भाग कापला, तर जुन्या प्रतिक्रियांतील वेळा चुकीच्या जागी नेतात. त्यापेक्षा जमीन ओळखण्याचे उत्तर वेळेसह लिहून ती प्रतिक्रिया सर्वांत वर पिन करावी.